नफा नऊ लाख चाळीस हजार? त्यातले अण्णांचे किती?



मार्च संपत आला की माझ्या बॅचमधले मालक मला एक आकडा सांगतात. "सर, यंदा नऊ लाख चाळीस हजार सुटले." चेहऱ्यावर समाधान असतं, आणि ते असायलाच हवं. पण मी लगेच एक प्रश्न विचारतो: "यात ग्रॅच्युइटीची आणि शिल्लक रजांची तरतूद धरली आहे का?" मग थोडा वेळ शांतता. त्यानंतर ठरलेली उत्तरं येतात. "ते सीए बघतात." "अजून कोणी रिटायर व्हायचंय कुठे?" "टॅक्समध्ये त्याची वजावट मिळतच नाही ना, मग कशाला?"

यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात हुशारीचं वाटतं आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं. माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. ही तरतूद केली नसेल तर तुमचा नफा तुम्हाला माहीतच नाही. जो आकडा तुम्ही नफा म्हणून सांगताय, त्यातला काही भाग तुमच्या कामगारांनी आधीच कमावून ठेवला आहे. तो फक्त तुमच्या वहीत लिहिलेला नाही.

आज एकच कंपनी घेऊन हे शेवटपर्यंत सोडवून बघू. कंपनी आणि माणसं काल्पनिक आहेत, पण असे मालक मला दर बॅचमध्ये भेटतात.

आपली कंपनी

कोल्हापूरच्या बाजूला एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. शेतीपंप आणि मोटारी विकते, दुरुस्तीही करते. माणसं बारा. त्यात हेड मेकॅनिक अण्णा सगळ्यात जुने, १ ऑगस्ट २०१४ ला लागलेले. ३१ मार्च २०२६ ला त्यांची ११ वर्षं ८ महिने नोकरी झाली.

ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला, आस्थापनेला लागू होतो. एकदा लागू झाला की पुढे माणसं नऊ झाली, सात झाली, तरी तो सुटत नाही. "आम्ही आता आठच जण आहोत" म्हणणाऱ्यांनी मागच्या वर्षांची हजेरी एकदा उघडून बघावी. मध्येच कधीतरी दिवाळीच्या सीझनला दहा झाले होते का, ते तिथे दिसेल.

हिशोब सोपा आहे. शेवटचं मासिक वेतन, त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणा. शेवटचं अपुरं वर्ष सहा महिन्यांच्या वर असेल तर ते पूर्ण धरायचं. म्हणून अण्णांची ११ वर्षं ८ महिने म्हणजे १२ वर्षं. कायद्याची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. आपल्या उदाहरणात तिथपर्यंत कोणी पोहोचत नाही.

आता "वेतन" म्हणजे कोणता आकडा? इथेच गेल्या वर्षी मोठा बदल झाला.

बेसिक कमी ठेवायची युक्ती आता चालत नाही

अण्णांचा महिन्याचा पगार ४१,६०० रुपये. मालकाने स्लिप बनवताना बेसिक १५,६०० ठेवला आणि उरलेले २६,००० घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता असे दाखवले. हेतू उघड होता. बेसिक कमी, तर ग्रॅच्युइटीही कमी. जुन्या पद्धतीने अण्णांचा हिशोब असा झाला असता: १५,६०० चे १५/२६ म्हणजे ९,००० रुपये वर्षाला, १२ वर्षांचे १,०८,०००.

पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा तिच्यात सामावला गेला. या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास, कमिशन, ओव्हरटाइम असे वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची. अण्णांच्या ४१,६०० चे निम्मे होतात २०,८००. म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी त्यांचं वेतन १५,६०० नाही, २०,८०० आहे.

आता २०,८०० चे १५/२६ म्हणजे १२,००० रुपये वर्षाला. बारा वर्षांचे १,४४,०००. पगार एक रुपयाही वाढला नाही, तरी देणं ३६,००० ने वाढलं. शिवाय हे फक्त नोव्हेंबरनंतरच्या महिन्यांसाठी नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात, आणि तेच वेतन मागच्या सगळ्या वर्षांना लागतं. म्हणून मार्च २०२६ च्या ताळेबंदात जुनी एक्सेल शीट तशीच पुढे ओढली असेल तर ती चुकलेली आहे, असं मी न बघता सांगेन. पगार पत्रक काढा आणि प्रत्येक नावासमोर बेसिक एकूण पगाराच्या निम्मा आहे का ते बघा. जिथे कमी असेल, तिथे आकडा बदलेल.

बारा जणांची शीट

अण्णांशिवाय तीन जण नमुन्याला घेऊ.

अकाउंटंट ताईंना ७ वर्षं ४ महिने झाली. चार महिने सुटतात, म्हणून ७ वर्षं. वेतन १८,२००. वर्षाला १०,५००, एकूण ७३,५००.

सेल्समनला ३ वर्षं ७ महिने झाली, म्हणजे ४ धरायची. वेतन १५,६००. वर्षाला ९,०००, एकूण ३६,०००.

हेल्परला १ वर्ष २ महिने. वेतन १४,३००. एकूण ८,२५०.

एक्सेलमध्ये B कॉलमला रुजू तारीख, C ला वेतन ठेवा. D मध्ये वर्षं आणि E मध्ये रक्कम अशी येईल:

```
D2: =DATEDIF(B2,DATE(2026,3,31),"Y")+IF(DATEDIF(B2,DATE(2026,3,31),"YM")>=6,1,0)
E2: =ROUND(C2*15/26*D2,0)
```

सगळ्या बारा जणांची बेरीज आपल्या उदाहरणात ५,५०,००० आली असं धरू.

इथे मालक हमखास हात वर करतो. "सर, सेल्समनला पाच वर्षं झालेलीच नाहीत. तो उद्या गेला तर मला काहीच द्यायचं नाही. मग ३६,००० का लिहू?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, आज गेला तर देणं नाही, हे बरोबर. पण तो राहिला तर पाचव्या वर्षी फक्त पाचव्या वर्षाचं देणं उभं राहत नाही. पहिल्या दिवसापासूनचं सगळं एकदम उभं राहतं. तो ते दर महिन्याला काम करून कमावतोय, म्हणून खर्चही त्याच महिन्यांचा आहे. शिवाय कामगाराचा मृत्यू झाला किंवा तो अपंग झाला तर पाच वर्षांची अट लागतच नाही. आणि ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता एका वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. "आम्ही सगळ्यांना अकरा महिन्यांच्या करारावर घेतो आणि पुन्हा पुन्हा घेतो" म्हणणाऱ्यांनी तर आपल्या वकिलाशी आजच बोलावं.

मध्येच सोडून जाणाऱ्यांचा फरक पडतो हे मात्र खरं. तो कसा धरायचा, ते पुढे येतंय.

रजांचं देणं: इथे रजिस्टरच नसतं

ग्रॅच्युइटीचा निदान कायद्याने ठरलेला हिशोब आहे. रजांच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की तुम्ही काय कबूल केलंय. नेमणूकपत्र काढा. आपल्या कंपनीच्या पत्रात लिहिलंय की न वापरलेली अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येईल आणि नोकरी सोडताना तिचे पैसे मिळतील. ही ४५ ची मर्यादा महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातूनच कोणीतरी उचललेली दिसते. मालकाला स्वतःच्या पत्रात हे वाक्य आहे हेच ठाऊक नव्हतं. मागे कुणाकडून तरी फॉरमॅट आणला आणि नाव बदलून सही केली, एवढंच.

अण्णा सुट्टी घेतच नाहीत. त्यांच्या ४० दिवस शिल्लक आहेत. दिवसाचा दर २०,८०० भागिले २६, म्हणजे ८०० रुपये. म्हणजे ३२,००० रुपये. बारा जणांचे मिळून २४० दिवस आहेत, सगळं मिळून १,६०,००० रुपये.

हा आकडा काढायला मालकाला तीन दिवस लागले, कारण रजेचं रजिस्टर दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. कोणी व्हॉट्सॲपवर सुट्टी मागितली, कोणी तोंडी. अशा वेळी वाद झाला तर कामगार म्हणेल तोच आकडा खरा धरला जाण्याची शक्यता जास्त, कारण तुमच्याकडे दाखवायला कागद नाही. म्हणून ३१ मार्चला प्रत्येकाला त्याची शिल्लक रजा लिहून द्या आणि त्याची सही घ्या. बारा सह्यांचा एक कागद पुढची दहा भांडणं वाचवतो.

एक फरक लक्षात ठेवा. साठवता न येणारी, वर्ष संपलं की बुडणारी किरकोळ रजा या हिशोबात धरायची नाही. जी पुढे जाते किंवा जिचे पैसे मिळतात, तीच धरायची.

मग खरा नफा किती?

ग्रॅच्युइटी ५,५०,००० आणि रजा १,६०,०००. एकूण देणं ७,१०,०००. आणि वहीत यातलं काहीच नव्हतं.

९,४०,००० मधून ७,१०,००० गेले की उरतात २,३०,०००. हे ऐकून मालकाचा चेहरा पडतो. पण थांबा, हेही पूर्ण खरं नाही. या सात लाख दहा हजारांत मागच्या अकरा वर्षांचं साठलेलं देणंही आहे. म्हणून मी त्याला तीच शीट ३१ मार्च २०२५ ची तारीख टाकून पुन्हा करायला लावली. तेव्हाचं देणं आलं ५,००,०००. म्हणजे यंदाच्या वर्षाचा खर्च २,१०,००० आणि आधीच्या वर्षांची राहून गेलेली चूक ५,००,०००.

हिशोबात हे दोन वेगळे दाखवायचे असतात. यंदाचे २,१०,००० नेहमीच्या कर्मचारी खर्चात. आधीचे ५,००,००० "पूर्वकालीन बाब" म्हणून वेगळ्या ओळीत, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की यंदा धंदा बुडालेला नाही. यंदाचा धंद्याचा नफा ७,३०,००० आहे. नऊ लाख चाळीस हजार कधीच नव्हता.

नोंद एकदम साधी. ग्रॅच्युइटी खर्च नावे, ग्रॅच्युइटी तरतूद जमा. रजा खर्च नावे, रजा तरतूद जमा. पुढच्या वर्षी कोणाला पैसे दिले की ते तरतुदीतून वजा करायचे, खर्चात पुन्हा टाकायचे नाहीत. अनेक ठिकाणी मी हीच चूक बघतो. तरतूदही खर्चात आणि दिलेले पैसेही खर्चात, म्हणजे एकच खर्च दोनदा. ती पकडायची रीत सोपी आहे. मागची शिल्लक, अधिक यंदाची तरतूद, वजा दिलेले पैसे, हे बरोबर ३१ मार्चच्या यादीच्या बेरजेइतकं आलं पाहिजे. आलं नाही तर कुठेतरी घोळ आहे.

पगारवाढीचा छुपा खर्च

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात कामाचा मुद्दा. बरेच जण "पगाराच्या ४.८१ टक्के" असा ठोकळा वापरतात. १५ भागिले २६, पुन्हा भागिले १२, म्हणजे ४.८१ टक्के. नवीन माणसासाठी पहिल्या वर्षी हे बरोबर आहे. जुन्या माणसासाठी ते कमी पडतं.

समजा पुढच्या वर्षी तुम्ही अण्णांचा पगार १० टक्क्यांनी वाढवला. त्यांचं वेतन २०,८०० चं २२,८८० झालं. आता वर्षाचे १५/२६ झाले १३,२००. मार्च २०२७ ला त्यांची १३ वर्षं धरायची, म्हणून देणं १,७१,६००. गेल्या वर्षी होतं १,४४,०००. म्हणजे एका वर्षात २७,६०० वाढले. त्यातले १३,२०० त्या वर्षाच्या नोकरीचे. उरलेले १४,४०० कशाचे? मागच्या बारा वर्षांचे, कारण प्रत्येक जुनं वर्षही आता नव्या वेतनाने मोजलं जाणार.

४.८१ टक्केवाल्याने त्या वर्षी फक्त १३,२०० धरले असते. निम्म्याहून जास्त खर्च त्याच्या वहीबाहेर राहिला असता. म्हणून पगारवाढ द्यायला बसाल तेव्हा जुन्या माणसासमोर वाढ गुणिले १५/२६ गुणिले झालेली वर्षं हा एक जास्तीचा कॉलम लावा. वाढ देऊ नका असं मी म्हणत नाही. अण्णांना वाढ द्यायलाच हवी. पण तिची पूर्ण किंमत माहीत असताना द्या.

हीच गोष्ट तुमच्या दरात उतरते. आपला मालक दुरुस्तीचा दर ठरवताना अण्णांचा तास २०० रुपयांचा धरत होता. ४१,६०० भागिले २६ दिवस गुणिले ८ तास. पण वर्षाला साधारण १२,००० ग्रॅच्युइटीचे आणि १५ दिवसांच्या अर्जित रजेचे १२,००० धरले, तर महिन्याला २,००० वाढतात. तासाला जवळजवळ दहा रुपये. पगारवाढीचा परिणाम अजून यात नाही. वर्षभर दर तासाला दहा रुपये कमी सांगून काम केलं, आणि वर्षाअखेरीस "नफा चांगला दिसतोय" म्हणून खूश झालो.

ही साधी शीट पुरेशी आहे का?

इथे तुमच्या धंद्याचं कायदेशीर रूप बघावं लागतं, आणि यात बरेच जण गोंधळतात.

तुमची प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी फर्म असेल, मोठ्या गटात मोडत नसेल आणि वर्षभरात सरासरी ५० पेक्षा कमी माणसं असतील, तर लेखा मानक १५ तुम्हाला सोपी वाट देतं. सगळ्यांना ३१ मार्चलाच पैसे द्यायचे झाले तर किती लागतील, असं धरून काढलेला आकडा चालतो. वरची शीट तेच करते.

पण प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ही सवलत तुमच्यासाठी नाही. छोट्या कंपन्यांना बऱ्याच लांबलचक खुलाशांतून सूट आहे, पण ग्रॅच्युइटीचं देणं ॲक्च्युअरीच्या पद्धतीनेच काढायचं, हे कायम आहे. मग माणसं बारा असोत की दोनशे.

ॲक्च्युअरी वेगळं काय करतो? तो आजचा पगार धरून थांबत नाही. अण्णा निवृत्त होतील तेव्हा पगार किती असेल, तोपर्यंत ते नोकरी सोडण्याची शक्यता किती, आणि त्या भविष्यातल्या रकमेची आजची किंमत किती, असं बघतो. आजची किंमत काढायला सरकारी रोख्यांचा व्याजदर वापरतात. समजा अण्णांना निवृत्तीला १२ वर्षं आहेत, पगारवाढ दरवर्षी ८ टक्के आणि व्याजदर ७ टक्के धरला. सोडून जाण्याची शक्यता बाजूला ठेवली तर त्यांचे १,४४,००० साधारण १,६१,००० होतात. उलट जिथे हेल्पर वर्षा-दोन वर्षांत जातात, तिथे त्यांचा आकडा शीटपेक्षा बराच खाली येतो. सेल्समनबद्दलच्या शंकेचं उत्तर हे आहे. मध्येच जाणाऱ्यांचा फरक धरायचा असतो, पण सरसकट शून्य लिहून नाही.

एक सावधगिरी सांगतो. पगारवाढ किती टक्के आणि दरवर्षी किती जण सोडतात, हे ॲक्च्युअरी तुम्हालाच विचारतो. तुम्ही उत्तर दिलं नाही तर एखादा ठोकळ आकडा पडतो. रिपोर्ट हातात आला की आधी हे दोन आकडे बघा. तुम्ही दरवर्षी १० टक्के वाढ देता आणि रिपोर्टमध्ये ५ लिहिलंय, तर त्या रिपोर्टवरचा अंतिम आकडा सुंदर टाइप केलेला असला तरी चुकीचा आहे. तुमची शीट इथेही उपयोगी पडते. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असेल तर कारण विचारा.

"टॅक्समध्ये मिळत नाही" याचं काय?

बरोबर आहे, नुसत्या तरतुदीची वजावट मिळत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात ग्रॅच्युइटीसाठी कलम ४०ए(७) आणि रजांच्या पैशांसाठी कलम ४३बी(एफ) हेच सांगतं. रजेचं कलम कोर्टात लढवलं गेलं आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण तत्त्व तेच आहे.

पण यावरून "म्हणून तरतूद करू नका" असं निघत नाही. नीट बघा. आपल्या मालकाने तरतूद केली नाही, तरी कर ९,४०,००० वर. केली, तरी ७,१०,००० परत मिळवून कर ९,४०,००० वरच. कर दोन्हीकडे सारखा. तरतूद केल्याने एक रुपयाचाही जास्त कर लागत नाही. उलट न केल्याने ऑडिटर अहवालात शेरा मारू शकतो, आणि कर्जाच्या वेळी बँकेचा अधिकारी आधी तोच शेरा वाचतो. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी वजावट मिळते, म्हणून कोणत्या वर्षी किती परत मिळवले याचा कागद जपून ठेवा.

तरतूद म्हणजे पैसे नव्हेत

शेवटचा मुद्दा, आणि इथेच खरा घाव बसतो. ताळेबंदात ७,१०,००० लिहिले म्हणजे बँकेत ७,१०,००० आले असं नाही.

समजा मालकाने एप्रिलमध्ये "नफा" बघून पाच लाख उचलले आणि गाडीचं डाउन पेमेंट केलं. जुलैअखेर अण्णा म्हणाले, "मालक, आता गावाकडं जातो. गुडघे बोलायला लागलेत." अण्णांचे १,४४,००० आणि रजेचे ३२,०००, एकूण १,७६,०००. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. उशीर झाला तर व्याज लागतं. आणि जुलै म्हणजे पावसाळा, पंपांचा धंदा थंड, उन्हाळ्यात विकलेल्या मालाची उधारी अजून वसूल व्हायची. अशा वेळी मालक म्हणतो, "अण्णा, दिवाळीपर्यंत थांबा ना." बारा वर्षं ज्या माणसाने दुकान सांभाळलं, त्याच्या हक्काच्या पैशांसाठी त्याच्यासमोर हात जोडायची वेळ येते. आणि उरलेले अकरा जण ते बघत असतात.

म्हणून माझा सल्ला दोन टप्प्यांत. सुरुवातीला दर महिन्याला वेगळ्या आवर्ती ठेवीत पैसे टाका. आपल्या कंपनीत यंदाचा खर्च २,१०,००० आहे, म्हणजे महिन्याला १७,५००. मागचे पाच लाख तीन वर्षांत भरून काढायचे ठरवलं तर महिन्याला साधारण १४,००० आणखी. या ठेवीची करात वजावट नाही, पण पैसे हाताशी राहतात. धोका एवढाच की ठेव कंपनीच्याच नावावर असते. अडचण आली की पहिला हात तिकडेच जातो.

माणसं टिकायला लागली आणि देणं मोठं झालं की मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी ट्रस्ट करून एलआयसी किंवा दुसऱ्या आयुर्विमा कंपनीची समूह ग्रॅच्युइटी योजना घ्या. त्यात भरलेल्या पैशांची मर्यादेत वजावट मिळते, आणि ते पैसे तुमच्या हाताबाहेर जातात. मालकांना हा तोटा वाटतो. मला विचाराल तर हाच त्या योजनेचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

या रविवारी एकच काम करा. पगार पत्रक, रुजू तारखा आणि नेमणूकपत्र, हे तीन कागद घेऊन बसा आणि बारा ओळींची शीट बनवा. मग गेल्या वर्षी जो नफा तुम्ही घरी सांगितला होता, त्याच्या शेजारी ती बेरीज लिहा. पुढच्या वर्षी किती पैसे उचलायचे, हे त्या दोन आकड्यांकडे बघून ठरवा.